दोन सुरीधारा, एक लांबी : केटर यांच्या उलट्या लंबकाची गोष्ट

साध्या लंबकाचा प्रयोग आपण सगळेच विद्यार्थ्यांकडून करून घेतो. दोरा, गोळा, वीस दोलनांचा वेळ, आणि मग सूत्रात किमती घालून g काढायचे. वेळ मोजताना मुले चुकतात हे खरे, पण त्या प्रयोगातली अधिक अवघड राशी वेळ नव्हे, लांबी आहे. लांबी कोठून कोठपर्यंत मोजायची? पुस्तक सांगते, टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत. पण वरच्या टोकाला दोरा नेमका कोणत्या ठिकाणी वाकतो? गोळ्याला आकडा आहे, त्याचे वजन कोठे धरायचे? गोळा ओतीव असेल तर आत हवेचा एखादा बुडबुडा राहिलेला नाही कशावरून? तसे असेल तर गोळ्याचा भौमितिक मध्य आणि त्याचा गुरुत्वमध्य एक नाहीत. एक मीटर लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली की g मध्ये हजारात एक भाग, म्हणजे सुमारे ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी चूक येते.

ही चूक लहान की मोठी? भूम तालुक्यातल्या ईट गावाचे उदाहरण घेऊ. अक्षांश साधारण साडेअठरा, आणि जागा बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंच. अशा ठिकाणी g सुमारे ९.७८४ असते, तर लंडनमध्ये सुमारे ९.८१२. फरक ०.०२८. लंडनमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ जसेच्या तसे ईटला आणून लावले, तर ते दिवसाला सुमारे दोन मिनिटे मागे पडेल. हा सगळा फरक आपल्या लंबकाच्या लांबीतल्या तीन मिलिमीटरांपेक्षाही कमी जागेत मावतो. तेव्हा ‘गोळ्याचा मध्य इथे कुठेतरी असेल’ असे म्हणून भागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहिलेला नव्हता. इंग्लंडचा यार्ड म्हणजे एका पितळी पट्टीवरच्या दोन खुणांमधले अंतर. पट्टी हरवली किंवा जळाली तर यार्ड पुन्हा कशावरून ठरवायचा? निसर्गातच असे एखादे अंतर हवे, की जे कोणालाही केव्हाही पुन्हा मोजता येईल. लंडनमध्ये बरोबर एका सेकंदाला एक ठोका देणाऱ्या लंबकाची लांबी हे असे अंतर होऊ शकेल, असा विचार पुढे आला. ती लांबी मोजण्याची मागणी १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने केली, रॉयल सोसायटीने त्यासाठी समिती नेमली, आणि हे काम शेवटास नेले ते कॅप्टन हेन्री केटर यांनी.

केटर यांचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, पण त्यांचा हिंदुस्थानाशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. जन्म १७७७ चा, ब्रिस्टलचा. सैन्यात भरती होऊन ते मद्रासकडे आले आणि विल्यम लॅम्टन यांच्या हाताखाली त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामात काही वर्षे राहिले. हेच लॅम्टन पुढे रेखांशाचा महाकंस मोजत मोजत उत्तरेकडे सरकले आणि १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. केटर यांची प्रकृती त्याआधीच ढासळली होती, त्यामुळे ते मायदेशी परतले होते. मैलोगणती अंतरांत इंचाचा अंश शोधण्याची सवय मात्र त्यांनी याच कामात लावून घेतली असावी, असे आम्हाला वाटते.

त्यांच्यापूर्वी फ्रान्समध्ये बोर्दा यांनी १७९२ मध्ये जो लंबक वापरला तो आपल्या शाळेतल्या लंबकाचाच थोरला भाऊ होता. लांब बारीक तार आणि तिला प्लॅटिनमचा गोळा. तारेचे वजन, गोळ्याचा व्यास, गोळ्याचा मध्य, सगळे काही स्वतंत्रपणे मोजून हिशेबात धरायचे. केटर यांनी वेगळी वाट धरली. तारेऐवजी सरळ एक पितळी पट्टीच झुलवायची. पण पट्टी म्हणजे संयुक्त लंबक. त्याचा आवर्तकाल काढायला गुरुत्वमध्य कोठे आहे हे तर हवेच, शिवाय पट्टीचे वस्तुमान त्या मध्याभोवती किती पसरलेले आहे हेही हवे. एका अज्ञात राशीच्या जागी दोन आल्या. मग त्यात फायदा कसला?

हे समजायला थोडे बीजगणित लागते, पण ते नववी-दहावीच्या मुलांनाही झेपेल असे आहे. टांगणीपासून गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर a धरू. वस्तुमानाचा पसारा दाखवणारी लांबी k धरू. मग आवर्तकालाचे सूत्र असे :

T² = (4π²/g) · (a + k²/a)

साध्या लंबकाच्या सूत्राशी हे ताडून पाहा. तिथे जी लांबी l होती तिच्या जागी इथे (a + k²/a) आले आहे. म्हणजे हा ओबडधोबड लंबक जणू (a + k²/a) इतक्या लांबीच्या साध्या लंबकासारखा झुलतो. या लांबीचे दोन तुकडे आहेत. टांगणीपासून गुरुत्वमध्यापर्यंत a, आणि गुरुत्वमध्याच्या पलीकडे आणखी k²/a. पलीकडच्या या तुकड्याला b म्हणू. त्याच्या टोकाशी एक बिंदू येतो, त्याला दोलनकेंद्र म्हणतात.

आता लंबक उलटा करून या दोलनकेंद्रापाशीच टांगला तर? टांगणीपासून गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर आता b आहे. तेव्हा सूत्रातली लांबी b + k²/b झाली. पण b म्हणजे k²/a, म्हणून k²/b म्हणजे a. बेरीज पुन्हा a + b. लांबी तीच, आवर्तकालही तोच. टांगणी आणि दोलनकेंद्र यांची अदलाबदल करता येते ही गोष्ट हायगेन्स यांनी १६७३ मध्येच सिद्ध केली होती. बोनेनबेर्गर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८११ मध्ये असा लंबक g मोजायला वापरता येईल असे सुचवलेही होते. केटर यांनी तो प्रत्यक्षात केला.

त्यांनी हायगेन्स यांचा सिद्धांत उलटीकडून वाचला. पट्टीच्या दोन टोकांकडे, एकमेकींच्या समोर तोंड करून, दोन सुरीधारा बसवायच्या. आधी एका धारेवर टांगून वेळ घ्यायचा, मग उलटा करून दुसऱ्या धारेवर. दोन्ही वेळ सारखे येईपर्यंत पट्टीवरची वजने सरकवायची. ते सारखे आले की दुसरी धार पहिलीच्या दोलनकेंद्रावर आहे असे ठरले, आणि साध्या लंबकाची लांबी म्हणजे दोन धारांमधले अंतर. गुरुत्वमध्य त्या दोघींच्या मधे कोठेतरी आहे, एवढेच पुरे. तो एका धारेपासून जितका दूर जाईल तितकाच दुसरीच्या जवळ येईल, आणि a + b ही बेरीज हलणार नाही. k चीही गरज उरली नाही, कारण तिचे काम दोन वेळांच्या समानतेने करून टाकले. ज्या दोन गोष्टी मोजता येत नव्हत्या त्या हिशेबातून गेल्या, आणि त्यांच्या जागी एक चांगली मोजता येण्याजोगी गोष्ट आली. दोन धातूच्या धारांमधले अंतर सूक्ष्मदर्शकाखाली प्रमाण पट्टीशी ताडून पाहता येते. गोळ्याच्या पोटातला बिंदू असा पाहता येत नाही.

इथे एक सापळा आहे आणि शाळेत तो नेहमी लागतो. दोन्ही आवर्तकाल समान असण्याची अट मांडून सोडवली तर दोन उत्तरे निघतात. एक ab = k², आणि दुसरे साधे a = b. दुसऱ्या उत्तरात काहीच अर्थ नाही. एकसारख्या जाडीच्या मीटरपट्टीच्या दोन टोकांना भोके पाडून ती उलटसुलट टांगली तर दोन्ही वेळ समान येणारच, कारण दोन्ही बाजू सारख्याच आहेत. मूल आनंदाने दोन भोकांमधले एक मीटर अंतर सूत्रात घालते आणि g सुमारे १४.७ निघते. अशा पट्टीच्या सममूल्य साध्या लंबकाची लांबी खरे तर दोन-तृतीयांश मीटर असते. म्हणूनच केटर यांच्या लंबकाच्या एका टोकाला जड पितळी दट्ट्या आहे आणि दुसऱ्या टोकाला नाही. गुरुत्वमध्य मुद्दाम एका धारेकडे ओढून ठेवलेला आहे. आपल्या प्रयोगात सापळा लागला आहे की नाही हे ओळखायचे असेल तर पट्टी बोटावर तोलून पाहावी. ती दोन टांगण्यांच्या बरोबर मध्यावर तोलली गेली, तर आलेली समानता खोटी समजावी.

केटर यांची पट्टी दीड इंच रुंद आणि अष्टमांश इंच जाड होती. जड दट्ट्या एका सुरीधारेच्या पलीकडे बसवलेला, आणि दोन धारांच्या मधे दोन लहान वजने. त्यातले एक स्क्रूने अगदी थोडे थोडे सरकवता येई. सुरीधारा अकीकाच्या सपाट तुकड्यांवर टेकत. धार फार तीक्ष्ण केली तर ती लंबकाच्या भाराने दबते, बोथट केली तर झुलताना टेकण्याचा बिंदू सरकतो. दोन्ही प्रकारांत अंतर बदलते. म्हणून धारेचा कोन सुमारे १२० अंशांचा, चांगला रुंद ठेवला होता, आणि त्यांसाठी पोलाद निवडले ते ‘वूट्झ’, म्हणजे हिंदुस्थानी पोलाद. दक्षिण भारतात आणि दख्खनमध्ये मुशीत तयार होणाऱ्या या पोलादाबद्दल लंडनमध्ये कुतूहल निर्माण झाले होते. १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे धाडले होते. इंग्लंडचा यार्ड ठरवणारा लंबक हिंदुस्थानी पोलादाच्या धारेवर झुलला, ही गोष्ट वर्गात सांगायला आम्हाला नेहमी आवडते.

धारांमधले अंतर सुमारे ३९.४ इंच होते, म्हणजे सेकंद-लंबकापेक्षा किंचित जास्त. त्यामुळे केटर यांचा लंबक घड्याळाच्या लंबकापेक्षा जरासा संथ चाले. हा संथपणा मोजण्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. घड्याळाच्या लंबकाच्या पुढ्यातच हा लंबक टांगायचा आणि दुर्बिणीतून दोघांकडे पाहायचे. एका क्षणी दोघे एकाच दिशेने बरोबर जाताना दिसतात. मग पुढचा हळूहळू मागे पडतो, विरुद्ध जातो, आणि बरोबर दोन ठोके मागे पडला की दोघे पुन्हा जुळतात. दोन जुळण्यांमधला वेळ n सेकंद असेल तर तेवढ्यात घड्याळाचे n ठोके झाले आणि लंबकाचे n − 2. म्हणजे लंबकाच्या एका ठोक्याचा वेळ n/(n − 2). जुळणी सुमारे ५३० सेकंदांनी होत असे धरू. मग ठोका १.००३७८८ सेकंदांचा. पाहणाऱ्याची जुळणीचा क्षण ओळखण्यात पुरती एका सेकंदाची चूक झाली आणि ५३१ धरले, तर उत्तर १.००३७८१. फरक दहा लाखात सात भाग. सेकंदाची चूक करूनही इतका लहान फरक पडतो. हे पाहिल्यावर हातातल्या स्टॉपवॉचचा फार भरवसा वाटेनासा होतो.

आता थोडा प्रत्यक्ष हिशेब करू, कारण शाळेत दोन्ही वेळ तंतोतंत जुळेपर्यंत वजन सरकवत बसायला वेळ नसतो. ती गरजही नाही, हे १८२६ मध्ये बेसेल यांनी दाखवले. दोन वेळ जवळजवळ समान असले तरी पुरते. T1 आणि T2 हे दोन आवर्तकाल असतील तर :

8π²/g = (T1² + T2²)/(a + b) + (T1² − T2²)/(a − b)

ईटच्या शाळेत एक लोखंडी सळई, तिच्या टोकाजवळ घट्ट बसवलेले वजन, आणि एक मीटर अंतरावर दोन धारा, अशी कल्पना करू. जड टोकाकडच्या धारेपासून गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटरवर आहे, दुसरीपासून ७० सेंटिमीटरवर. दूरच्या धारेवर टांगल्यावर आवर्तकाल २.००७३ सेकंद आला आणि जवळच्या धारेवर २.००५४. उजवीकडचे पहिले पद होते ८.०५०९. दुसऱ्या पदाचा अंश फक्त ०.००७६ आहे. त्याला ०.४ ने भागून ०.०१९१. बेरीज ८.०६९९, आणि g निघाले ९.७८४. दुसरे पद गाळले असते तर ९.८०७ आले असते.

आता गुरुत्वमध्य सांगण्यात आपली एक सेंटिमीटरची चूक झाली असे समजा. सळई बोटावर तोलून तो ७१ आणि २९ वर आहे असे आपण लिहिले. पहिल्या पदाला याचा पत्ताही लागत नाही, तिथे a + b एक मीटरच आहे. दुसऱ्या पदात ०.४ च्या जागी ०.४२ येतात आणि g होते ९.७८५. गुरुत्वमध्य पूर्ण सेंटिमीटरभर चुकूनही g मध्ये चूक हजारांशाच्या घरात! साध्या लंबकात एका मिलिमीटरची चूक याच्या दहापट महाग पडते. दोन टांगण्यांनी गुरुत्वमध्याची गरज संपते असे आपण म्हणतो, त्याचा व्यवहारातला अर्थ हा. तो बोटावर तोलून सापडतो तेवढा पुरतो.

वेळ मात्र काटेकोर हवा. बेसेल यांच्या सूत्रात वरच्या उदाहरणात T1² ला साडेतीन पट वजन मिळते. शंभर दोलने मोजताना हाताने ०.१ सेकंदाची चूक झाली, तर g मध्ये सुमारे ०.०१७ इतका फरक पडतो, म्हणजे लंडन आणि ईट यांच्यातल्या फरकाच्या निम्म्याहून जास्त. पाचशे दोलने मोजली तर ही चूक पाचव्या हिश्शावर येते. झोका लहान ठेवायचा. मध्यापासून पाच अंशांचा झोका दिला तर आवर्तकाल ०.०५ टक्क्यांनी वाढतो, दोन अंशांवर ही वाढ नगण्य होते.

केटर यांचा निबंध १८१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही दुरुस्त्यांनंतर लंडनच्या सेकंद-लंबकाची लांबी ३९.१३९३ इंच ठरली आणि १८२४ च्या वजन-मापांच्या कायद्यात ती लिहिली गेली. प्रमाण यार्ड नष्ट झाला तर या लंबकाच्या लांबीशी असलेल्या ३६ ला ३९.१३९३ या प्रमाणावरून तो पुन्हा तयार करावा, असे कायद्याने सांगितले. (ईटच्या सेकंद-लंबकाची लांबी याच हिशेबाने सुमारे ३९.०३ इंच येईल.)

आणि दहाच वर्षांत ती वेळ आली. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी ब्रिटिश संसदेच्या इमारतीला आग लागली आणि प्रमाण यार्ड निकामी झाला. केटर तेव्हा हयात होते. पुढच्या वर्षी ते वारले. नवा यार्ड ठरवण्यासाठी १८३८ मध्ये शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. कायद्याप्रमाणे लंबकाकडे जायला हवे होते. १८४१ मध्ये समितीने सांगितले की, लंबकावर विसंबू नये. जळालेल्या यार्डाशी पूर्वी काळजीपूर्वक ताडून घेतलेल्या पट्ट्या शिल्लक आहेत, त्यांवरूनच यार्ड पुन्हा करावा. झालेही तसेच.

गुरुत्वमध्याची युक्ती चुकली होती का? मुळीच नाही. चुकली ती हवा. पाण्यात वस्तू हलकी होते तशी हवेतही किंचित होते, आणि लंबकाला खाली ओढणारे बल तेवढे कमी पडते. ही दुरुस्ती केटर यांनी केली होती. पण झुलणारा लंबक आपल्याबरोबर थोडी हवाही ओढत नेतो. ती हवा जणू त्याच्या वस्तुमानात भर घालते, आणि ही भर स्थिर हवेच्या हिशेबात येत नाही. बेसेल यांनी १८२८ मध्ये ते दाखवून दिले. केटर यांचा लंबक एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक. उलटा केला की हवेशी त्याचा संबंध बदलतो, म्हणून ही चूक दोन टांगण्यांत एकमेकींना छेद देत नाही. समुद्रसपाटीपर्यंत किंमत आणण्याच्या दुरुस्तीबद्दलही शंका निघाल्या होत्या. उलटवण्याने जे अज्ञात दोन्ही बाजूंना समान होते तेच गेले. जे असमान होते ते आत राहिले.

यावर बेसेल यांचा उपाय साधा होता. लंबकाचा बाह्य आकार दोन्ही टोकांना सारखाच ठेवायचा, फक्त एक टोक भरीव आणि दुसरे पोकळ. हवेला दोन्ही बाजू सारख्या दिसतात, गुरुत्वमध्य मात्र एकीकडे राहतो, आणि a = b चा सापळाही चुकतो. रेपसोल्ड या कारखानदारांनी पुढे असेच लंबक बनवले.

आपल्या भागात मात्र केटर यांचा दुसरा प्रकारचा लंबक आला. एकच सुरीधार असलेली, कधीही न बदलायची पितळी पट्टी. तिची लांबी मोजायचीच नाही. तीच पट्टी दोन गावांत झुलवली तर तिथल्या g चे गुणोत्तर कळते, कारण a आणि k दोन्हीकडे तेच असतात आणि छेद जाऊन नाहीसे होतात. गोल्डिंगहॅम यांनी १८२१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत असा लंबक झुलवला. १८६५ पासून कॅप्टन बसेवी यांनी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या ठाण्यांवर असे लंबक नेले. त्यांतले बीदरजवळचे दामरगिडा हे ठाणे ईटच्या पूर्वेला साधारण दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर, जवळजवळ त्याच अक्षांशात येते. बसेवी १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर हेच काम करताना मरण पावले. त्यांच्यानंतर हेविसाइड यांनी लंबक मुंबईला कोलाबा, मग एडन आणि इस्माइलिया येथे झुलवत इंग्लंडला नेले. गुणोत्तरे कितीही चांगली असली तरी शेवटी एका ठिकाणी तरी g ची खरी किंमत हवी असते. ती ठरवायला लंडनजवळच्या क्यू येथे जे लंबक झुलवले गेले, त्यांत केटर यांचा तो जुना, दोन धारांचा लंबकही होता.